आयर्विन पुलाचा आकडा आणि माझे हरवलेले स्क्रीनशॉट

एमएच्या प्रकल्पासाठी मी कृष्णेच्या पाणीपातळीचा विषय घेतला. सांगलीत राहायचं आणि पुराचा विषय सोडायचा, हे मला तरी जमलं नसतं. आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या घरातलं सामान माळ्यावर होतं.

पावसाळाभर मी मोबाईलवर पातळीचे, धरणांच्या विसर्गाचे, बातम्यांचे स्क्रीनशॉट काढत गेले. गॅलरीत तीनशेच्या आसपास जमले. पहिला मसुदा सरांना दाखवला, तर त्यांनी एका तक्त्यावर बोट ठेवलं. "हा आकडा कुठनं घेतलास?" मी स्क्रीनशॉट उघडला. त्यात आकडा होता, वेळ होती, पण वरची पत्त्याची पट्टी मी नीटनेटकं दिसावं म्हणून कापून टाकली होती. सर म्हणाले, "मग हा आकडा तुझाच, बाई."

मिरजेच्या एका मैत्रिणीने जॉप्लिन हे नोंदी ठेवायचं ॲप सुचवलं. ते फुकट आहे आणि नोंदी आपल्याच संगणकावर राहतात. ॲप टाकलं, ब्राउझरला पानं टिपून घेणारं त्याचं Web Clipper जोडलं. पहिल्या दिवशी काहीच होईना. मग कळलं, की ॲपमध्ये Tools > Options > Web Clipper इथे जाऊन सेवा आधी सुरू करावी लागते, आणि ॲप उघडं नसेल तर क्लिपर कुणाशी बोलणार! त्यानंतर काम सोपं झालं. पान उघडायचं, क्लिपरच्या चिन्हावर टिचकी मारायची, वही निवडायची, Clip screenshot दाबायचं आणि हवा तेवढा भाग ओढून घ्यायचा. नोंद तयार होते, शीर्षक पानाचंच लागतं. दुवा मात्र मजकुरात दिसत नाही. मला वाटलं गेला की काय! तो नोंदीच्या माहितीत, म्हणजे Note properties मध्ये, URL या ओळीत असतो. तो मी चित्राखाली चिकटवून ठेवते. नोंद बाहेर पाठवली, तरी दुवा सोबत राहतो.

ब्राउझरमध्ये उघडलेल्या पीडीएफवर हे माझ्याकडे चाललं नाही. तिथे Win+Shift+S ने तुकडा घ्यायचा, नोंदीत चिकटवायचा आणि दुव्याच्या शेवटी पान जोडायचं:

```
...ahaval.pdf#page=37
```

इथे 37 हा फाईलमधला क्रमांक असतो, छापील नव्हे. प्रस्तावना आणि अनुक्रमणिका धरून दोघांत सात-आठ पानांचा फरक सहज पडतो. म्हणून छापील क्रमांकही मी शेजारी लिहिते.

खरी गोची पुढे झाली. एका सकाळी पातळीच्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला, दुवाही होता. आठवड्याने पडताळायला तोच दुवा उघडला, तर आकडा भलताच. चूक माझी नव्हती आणि पानाचीही नव्हती. त्या पत्त्यावर रोज नवीन आकडा चढतो, जुना पुसला जातो. म्हणजे दुवा चालू आहे, पण पुरावा नाही!

तेव्हापासून बदलणाऱ्या पानांसाठी मी आणखी एक पायरी वाढवली. स्क्रीनशॉट घेतला, की लगेच त्याच पानाचा पत्ता https://web.archive.org/save इथे टाकते. ही साइट पानाची त्या क्षणाची प्रत जपून ठेवते. पान जतन झालं, तर असा दुवा मिळतो:

```
https://web.archive.org/web/20250728044500/...
```

मधले 14 आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस आणि वेळ. इथे मी फसले होते. माझ्या घड्याळात सव्वादहा झालेले आणि दुवा पावणेपाच सांगतोय. ती वेळ यूटीसी असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे साडेपाचच्या आत जतन केलं, तर दुव्यात आदल्या दिवसाची तारीख येते. पूर चढत असताना तर पहाटेच जास्त नोंदी होतात, म्हणून आपली वेळ मी हाताने लिहिते. काही पानं जतन होतच नाहीत, किंवा होतात पण आकड्याच्या जागी कोरी चौकट येते. त्यामुळे जतन झालेला दुवा एकदा उघडून बघायचा. आकडा नसेल, तर तसं नोंदीत लिहायचं आणि स्क्रीनशॉटवरच भागवायचं.

आता प्रत्येक चित्राखाली दुवे आणि एक टाइप केलेली ओळ असते: "आयर्विन पूल, सकाळी 8 ची पातळी, पाहिलं 10.15 ला." पातळी कधीची आणि मी पाहिली कधी, या दोन वेगळ्या वेळा आहेत. शिवाय ही ओळ असली, की "आयर्विन" शोधल्यावर ती नोंद सापडते. चित्रातल्या मराठी अक्षरांच्या भरवशावर मी राहत नाही.

मोबाईलवरून अजून थोडी कसरत आहे. स्क्रीनशॉट शेअर केला, तर फक्त चित्र जातं. म्हणून आधी ब्राउझरमधून पानाचा दुवा जॉप्लिनला पाठवते आणि त्याच नोंदीत नंतर चित्र जोडते.

जुन्या तीनशेंपैकी एकेचाळीसचे दुवे शोधून काढता आले. बाकीचे गॅलरीतच आहेत, तक्त्यात नाहीत.