तेल्लोचा पूल आणि देवाच्या शेतातला कांदा

इराकमधल्या नासिरियाहून शत्राकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मीठ फुटलेली जमीन दिसत राहते. पाऊस किती पडतो म्हणून विचारलं, तर ड्रायव्हर नुसता हसला. वर्षाकाठी जेमतेम शंभर-दीडशे मिलिमीटर! एवढ्यावर कोरडवाहू पीक हाती लागत नाही. तरीही प्राचीन सुमेरी लोकांचं गिरसू शहर इथेच उभं राहिलं. आज त्याला तेल्लो म्हणतात.

शहर इथे का, याचं उत्तर नदीच्या चालीत आहे. या सपाट मुलखात नदी गाळ टाकत टाकत स्वतःचं पात्र आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच करते. त्यामुळे काठ फोडला की पाणी उताराने आपोआप शेतात उतरतं. मोट नको, रहाट नको. पण पूर येतो एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमका जव कापणीला आल्यावर. पेरणीच्या वेळी, शरदात, नदी आटलेली असते. म्हणून पाणी अडवायचं, वळवायचं आणि दरवर्षी कालव्यातला गाळ उपसायचा. उपसा चुकला की शेवटच्या चारीला पाणी पोचत नाही आणि भांडण ठरलेलं.

तेल्लोला मी ज्यासाठी गेलो तो 'पूल' भाजक्या विटांचा आणि डांबराचा आहे, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. समोरासमोरच्या वाकदार भिंती मध्ये जवळ येतात आणि पुढे पुन्हा फाकतात. तिथे उत्खनन करणाऱ्या ब्रिटिश म्युझियमच्या पथकाच्या मते हा मुळात कालव्याचं पाणी आवळून त्याला वेग देण्यासाठी बांधलेला होता. भिंतींमध्ये उभं राहिलं की ते पटतं.

कालव्यांमुळेच राजे आले, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते पटत नाही. पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट ॲडम्स यांच्या पाहणीत सुरुवातीचे कालवे छोटे, गावपातळीवरचे निघाले, मोठे नंतरचे. आपल्याकडे धुळे-नाशिकची फड सिंचन पद्धतही गावकऱ्यांनीच चालवली. राजाला जोर आला तो धान्याच्या कोठारामुळे आणि बांधाच्या भांडणामुळे. गिरसूतली बरीच जमीन निंगिर्सू या देवाच्या नावावर, मंदिर तिचं कोठार आणि राजा देवाचा कारभारी. शेजारच्या उम्मा शहराने सीमेवरच्या कालव्याचं पाणी पळवलं की तो देवाचा अपमान, म्हणजे लढाई.

पण कारभारी हळूहळू मालक होतो. इ.स.पू. 2350 च्या सुमारास गिरसूचा राजा उरुकागिना याने जुन्या कारभाराच्या तक्रारी मातीवर कोरून ठेवल्या. त्यातली एक अशी: देवाचे बैल राज्यकर्त्याचे कांद्याचे वाफे नांगरत होते, आणि ते वाफे होते देवाच्या सर्वांत चांगल्या शेतात! पुजारी आणि अधिकाऱ्यांनी दफनविधीसाठी लोकांकडून वसूल केलेली बीअर आणि भाकऱ्याही त्यात मोजलेल्या आहेत. त्याने हे दर कमी केले.

थोड्याच वर्षांत उम्माचा लुगलझागेसी चालून आला. त्याने मंदिरं जाळली आणि निंगिर्सूच्या शेतातला जव उपटून नेला. गिरसूच्या लेखकाने या पापाचा बोजा टाकला तो लुगलझागेसीच्या निसाबा देवीवर. ती धान्याची देवी.