आठवड्याचे १६८ तास: प्रश्नावली तपासतानाचा माझा अनुभव

आमचं सर्वेक्षण घरी वृद्धांची देखभाल करणाऱ्या लोकांबद्दल होतं. छोटा पायलट, म्हणजे मोजक्या लोकांवर घेतलेली चाचणी फेरी, उरकला होता आणि वरवर सगळं ठीक दिसत होतं. कोरी उत्तरं जवळपास नव्हती, वेळही आटोक्यात होता. एका प्रश्नाचे आकडे मात्र खटकत होते: ‘घरातल्या वृद्ध व्यक्तीची काळजी घेण्यात तुमचे आठवड्याला साधारण किती तास जातात?’ कुणी ३ लिहिलं होतं, कुणी १६८. सात गुणिले चोवीस, म्हणजे आठवड्यातला एकूण एक तास. डेटा साफ करताना असा आकडा सहसा नोंदीतली चूक समजून बाद केला जातो. तो बाद करण्याआधी लोकांशी बोलून बघू, असं मी सुचवलं.

अशा बोलण्याला संज्ञानात्मक मुलाखत म्हणतात. नाव जड आहे, काम सोपं आहे. प्रश्नावलीतला प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, उत्तर घ्यायचं, आणि ते उत्तर कसं तयार झालं हे त्या माणसाकडून काढून घ्यायचं. मानसशास्त्रज्ञ रॉजर टूरँजो यांनी १९८४ मध्ये उत्तर देण्याचे चार टप्पे मांडले होते: प्रश्न समजणं, आठवणं, आठवलेल्यातून अंदाज बांधणं, आणि तो अंदाज दिलेल्या पर्यायात किंवा आकड्यात बसवणं. गडबड यातल्या कुठल्याही टप्प्यावर होऊ शकते, आणि कागदावर तर फक्त शेवटचा आकडा उमटतो.

एका फेरीला आठ-दहा माणसं पुरतात, पण ती एकसारखी नकोत. मी मुद्दाम वेगवेगळ्या परिस्थितीतले लोक निवडले: वृद्धांसोबत एकाच घरात राहणारे आणि वेगळे राहून ये-जा करणारे, नोकरी करणारे आणि न करणारे, पुरुष आणि बायका. मनातलं मोठ्याने बोलायची कुणालाच सवय नसते, म्हणून सुरुवातीला एक सराव घेतला: ‘तुमच्या घरात खिडक्या किती? मोजताना मनात जे चाललंय ते बोलत राहा.’ माणूस मनातल्या मनात खोल्यांतून फिरू लागतो, बाथरूमची झडप खिडकीत धरायची का यावर अडतो, आणि आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे त्याला आपोआप कळतं.

‘प्रश्न समजला का?’ असं मी कुणालाच विचारलं नाही. त्याला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी विचारलं, ‘हा आकडा तुम्ही कसा काढलात?’ आणि ‘काळजी म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणकोणती कामं आली?’

थोडेच तास सांगणाऱ्या एका बाईंनी अंघोळ, औषधं आणि पाय चेपून देणं एवढंच धरलं होतं. मी विचारलं, ‘आणि स्वयंपाक?’ त्या म्हणाल्या, ‘तो तर सगळ्यांसाठीच करते, यांच्यासाठी वेगळा कुठे करते?’ पुढे बोलता बोलता निघालं की सासऱ्यांसाठी रोज मिठाशिवाय वेगळं शिजवावं लागतं. ते त्यांच्या हिशोबातच नव्हतं. दुसरीकडे, १६८ म्हणणारे एक गृहस्थही भेटले. त्यांच्या आईला विसरण्याचा आजार होता. ‘रात्री ती उठून दार उघडते. मी झोपलो तरी कान तिकडेच असतात. मग कुठला तास वजा करू?’ त्यांचा आकडा चूक नव्हता. ते काम मोजत नव्हते, घराबाहेर पडता न येणं मोजत होते.

थोडक्यात, एकाच वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या जात होत्या आणि प्रत्येक जण आपल्याला जवळची वाटली ती उचलत होता. सीमा नेमकी कुठे पडते हे बघायला मी काल्पनिक माणसं वापरली: ‘एक बाई दिवसभर सासूजवळ बसून असते, पण सासू स्वतःचं सगळं स्वतः करते. तिने किती तास लिहावेत?’ काही जण म्हणाले शून्य, काही म्हणाले बारा, आणि दोघांनाही आपलं उत्तर उघड वाटत होतं. हे प्रश्न मात्र शेवटीच विचारायचे. आधी विचारले तर पुढचं सगळं उत्तर त्याच रंगात रंगतं. ‘औषधं आणायला गेलात तो वेळ धरलात का?’ या प्रश्नाचंही तेच. विचारताच माणूस म्हणतो, ‘हो हो, धरला,’ आणि खरं काय होतं ते कायमचं हरवतं.

नोंदींसाठी मी एक मोठा तक्ता केला, ओळीत प्रश्न आणि रकान्यात माणसं. ‘गोंधळ झाला’ असं लिहायचं नाही, असा नियम ठेवला. काय धरलं, काय वगळलं, कुठे थांबले ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं. किती जण अडखळले याच्या टक्केवारीला इथे अर्थ नाही. इतक्या कमी माणसांवरून ती काढताच येत नाही. त्या गृहस्थांसारखा एकच माणूस भेटला, तरी तशा परिस्थितीतला कुणीही तिथेच अडकणार हे कारणावरून कळतं.

मग प्रश्न फोडला. आधी ‘काल यातलं काय काय केलंत?’ अशी कामांची यादी, प्रत्येकासमोर अंदाजे वेळ. त्यानंतर वेगळा प्रश्न: ‘काल त्यांना एकटं सोडता येणार नाही म्हणून तुम्हाला घरी थांबावं लागलं का? किती वेळ?’ ‘साधारण’ हा शब्द काढला, कारण तो ऐकून लोक आठवत नव्हते, एक बरा वाटणारा आकडा ठरवून टाकत होते.

दुसरी फेरी घेतली, आणि दुरुस्तीतूनच नवी अडचण निघाली. ज्यांचा ‘काल’ रविवार होता त्यांच्या घरी बहीण-भाऊ येऊन गेले होते, त्यामुळे कामाचे तास खाली आले. म्हणून प्रत्यक्ष सर्वेक्षणात मुलाखती आठवड्याच्या सातही दिवशी समान वाटायच्या आणि कोणत्या वाराबद्दल विचारलं ते नोंदवायचं ठरलं. यादीतलं ‘सोबत बसणं’ही काढावं लागलं, त्यावर सरसकट सगळे हो म्हणत होते.

एक गोष्ट शब्द बदलून सुटणारी नव्हती. ‘या जबाबदारीचा तुमच्यावर किती ताण येतो?’ याला एका मुलीने पटकन ‘अजिबात नाही’ म्हटलं. तिचे वडील त्याच खोलीत खाटेवर होते. दाराबाहेर सोडायला आल्यावर ती सांगू लागली की महिनोन्महिने तिला सलग झोप मिळालेली नाही. प्रश्न तिला नीट समजला होता, उत्तरही ठाऊक होतं. ते तिथे बोलता येत नव्हतं. अशा दोन-तीन प्रश्नांसाठी टॅबलेट उत्तर देणाऱ्याच्या हातात द्यायचं ठरलं. पर्यायांना क्रमांक दिले, म्हणजे मुलाखतकाराने काही मोठ्याने वाचायला नको.

शेवटचा वाद टीममध्येच झाला. जुना प्रश्न सर्वेक्षणाच्या आधीच्या फेरीतही विचारलेला होता. तो बदलला तर तेव्हाच्या आकड्यांशी तुलना तुटणार. हरकत रास्त होती. मग मोठ्या पायलटमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यादृच्छिक पद्धतीने निम्म्यांना जुना प्रश्न आणि निम्म्यांना नवा द्यायचा, म्हणजे शब्दरचनेमुळे पडणारा फरक तरी मोजता येईल, असं ठरलं. आणि डेटा साफ करण्याच्या सूचनांमध्ये मी एक ओळ घातली: जुन्या प्रश्नाला १६८ आलं तर ते वगळू नका, वेगळा कोड द्या.