दादाचं कर्ज कोणी फेडायचं? आमच्या घराचा अनुभव

माझा मोठा भाऊ 2025 च्या सुरुवातीला अचानक गेला. मागे वहिनी, दोन शाळकरी मुलं, आई आणि मी. दादाच्या नावावर एक फ्लॅट होता आणि त्यावर गृहकर्ज होतं. शिवाय एका दुसऱ्या बँकेचं क्रेडिट कार्ड होतं, त्याची बाकी 1 लाख 86 हजार निघाली. दिवसकार्य उरकतंय तोवर फोन सुरू झाले. प्रत्येक फोनवर एकच वाक्य: "तुम्ही वारस आहात, तुम्हाला भरावंच लागेल." हे वाक्य अर्धंच खरं आहे. त्यातलं अर्धं खरं कोणतं, हे समजून घ्यायला आम्हाला बरेच दिवस लागले. तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण या गोंधळात माणसं घाबरून नको तिथे सह्या करतात.

आमच्या ओळखीचे एक वकील आहेत. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "वारस कोण, हा प्रश्न नंतर. आधी प्रत्येक कर्जाच्या कागदावर सही कोणाची आहे ते बघा. आणि मग बघा, गेलेल्या माणसाचं काय काय कोणाच्या हातात आलंय." पुढचं सगळं या दोन गोष्टींवरच उलगडत गेलं.

गृहकर्जाच्या करारावर दादाबरोबर वहिनींचीही सही होती. फ्लॅट फक्त दादाच्या नावावर, पण दोघांचा पगार धरला तर कर्ज जास्त मिळतं म्हणून वहिनी सहकर्जदार झाल्या होत्या. अशा सहीचा अर्थ असा की त्या वारस म्हणून नाही, तर स्वतः कर्जदार म्हणून पूर्ण रकमेला बांधलेल्या आहेत. उद्या फ्लॅटची किंमत शून्य झाली तरी बँक त्यांच्या पगाराकडे बोट दाखवू शकते. जामीनदाराचंही तसंच, त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. क्रेडिट कार्डाचा करार मात्र एकट्या दादाचा. तिथे आमच्यापैकी कोणीच कर्जदार नव्हतं.

आधी गृहकर्जाचं सांगतो. कर्ज 2021 मधलं, 25 लाखांचं, वीस वर्षांचं, तेव्हाचा व्याजदर सातच्याही खाली. कर्ज घेतानाच बँकेने एकरकमी हप्त्याचा कर्जसुरक्षा विमा दिला होता. त्यामुळे आमची समजूत होती की विमा आला की कर्ज संपलं. दादा गेला त्या दिवशी कर्जाची बाकी होती साधारण 23 लाख 80 हजार आणि विमा कंपनीने मंजूर केले 22 लाख 30 हजार. दीड लाखाचा फरक.

तो फरक कुठून आला हे बँकेत कोणी नीट सांगेना. शेवटी विम्याच्या कागदपत्रांतला तक्ता काढला. कर्ज घेतलं त्या दिवशीच्या व्याजदराने बाकी दरमहा किती कमी होत जाईल, तेवढं संरक्षण त्यात छापलेलं होतं. तो तक्ता पुढे बदलत नाही. पण मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. दादाचं कर्ज बदलत्या दराचं होतं. बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत लांबवली. साडेनऊच्या आसपास दर पोचल्यावर साडेएकोणीस हजारांच्या आतल्या त्या हप्त्यातले अठरा हजारांहून जास्त व्याजातच जात होते. मुद्दल जागचं हलत नव्हतं, तक्त्यातलं संरक्षण मात्र ठरल्याप्रमाणे खाली उतरत होतं. ज्यांचं त्या काळातलं कर्ज चालू आहे आणि असा विमा आहे, त्यांनी तक्त्यातला आजचा आकडा आणि कर्जखात्यातली आजची बाकी शेजारी ठेवून बघावी.

दाव्याच्या वेळी विमा कंपनीने जुन्या आजारपणाचे कागद मागितले. वहिनी फार घाबरल्या, कारण दादाला रक्तदाबाची गोळी चालू होती आणि अर्जात त्याचा उल्लेख होता की नाही हे कोणालाच आठवत नव्हतं. वकिलांनी विमा कायद्याचं कलम 45 दाखवलं: पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कोणत्याही कारणाने तिच्यावर प्रश्न उभा करता येत नाही. आमची पॉलिसी त्याहून जुनी होती. कागद दिले, कलमाचा उल्लेख करून पत्र जोडलं आणि दावा मंजूर झाला.

दावा मंजूर होईपर्यंत हप्त्याचं काय? मृत्यू कळवला की दादाचं बचत खातं थांबलं आणि त्या खात्यातून जाणारा हप्ता परत गेला. विमा येणारच आहे म्हणून हप्ता थांबवला तर थकबाकीची नोंद वहिनींच्या नावावर पडते, कारण त्याही कर्जदार. म्हणून त्यांनी आपल्या खात्यातून हप्ता सुरू ठेवला. विम्याचे पैसे जमा झाल्यावर उरलेले दीड लाखाच्या आतले पैसे त्यांनीच भरले. बदलत्या दराचं वैयक्तिक गृहकर्ज असल्यामुळे मुदतीआधी फेडण्याचं शुल्क लागलं नाही.

मधल्या काळात बँकेच्या शाखेतून मला बोलावणं आलं. "दादांचं उत्पन्न गेलं, आता वहिनींच्या एकट्यांच्या पगारावर कर्ज बसत नाही, तुम्ही सहकर्जदार म्हणून या, नाहीतर खातं अडचणीत येईल." समोर फॉर्म ठेवला होता, पेन्सिलने फुल्या मारून, सही कुठे करायची ते दाखवून. त्या फॉर्मवर माझी सही झाली असती तर ज्या कर्जाशी माझा काडीचा संबंध नव्हता त्याला मी आयुष्यभरासाठी बांधला गेलो असतो. हिंदू वारसा कायद्यानुसार दादाचे पहिल्या वर्गातले वारस वहिनी, दोन्ही मुलं आणि आई. भाऊ त्यात येतच नाही. मी शाखेला लिहून दिलं की विम्याचा दावा चालू आहे, हप्ता वेळेवर जातोय, नवीन सहकर्जदार येणार नाही. पुढे कोणी विषय काढला नाही.

आता कार्ड. वसुलीवाल्याचा फोन आईलाही आला. "मुलाचं ऋण आई-बापाच्या डोक्यावर असतं, घराण्याचं नाव खराब होईल," असं तो पंच्याहत्तरीच्या बाईला सांगत होता. आई दोन दिवस जेवली नाही. मला आजही त्याचा संताप येतो. वडिलांचं ऋण मुलाने पुण्यकर्म म्हणून फेडलंच पाहिजे, हे जुनं तत्त्वसुद्धा 2005 च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरतं काढून टाकलंय, आईचं तर नावच नको. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 50 आणि 52 स्पष्ट आहे: मयताचा कायदेशीर प्रतिनिधी जबाबदार असतो तो मयताची जेवढी मालमत्ता त्याच्या हातात आली तेवढ्यापुरताच. त्याच्या स्वतःच्या पगाराला, स्वतःच्या घराला हात लागत नाही.

मग कार्डाची बाकी बुडाली का? नाही, आणि इथे बरेच जण फसतात. दादाच्या मागे बचत खात्यात 64 हजार होते, म्युच्युअल फंडात 2 लाख 10 हजार होते आणि फ्लॅट होता. ही सगळी त्याची मालमत्ता. वारसांनी ती वाटून घेतली आणि कार्डाच्या बँकेला हात वर केले, तर बँक तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावू शकते आणि हातात आलेल्या मालमत्तेतून वसूल करू शकते. स्वतःच्या खिशातून देऊ नका याचा अर्थ दादाच्या खिशातूनही देऊ नका असा नाही. उलट दादाच्या मागे फक्त 40 हजार उरले असते, तर बँकेला तेवढेच मिळाले असते आणि बाकीचे तिला सोडावे लागले असते.

एक अपवाद आमच्या कामाचा ठरला. दादाचा प्रॉव्हिडंट फंड वहिनींच्या नावाने नामनिर्देशित होता. ती रक्कम कायद्याने मयताच्या कर्जापासून मुक्त असते, त्यामुळे ती आम्ही या हिशेबात धरलीच नाही. बायको-मुलांच्या नावे 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढलेली विमा पॉलिसीही अशीच सावकारांच्या हाताबाहेर असते. दादाची तशी नव्हती.

कार्डाच्या बँकेला आम्ही लेखी कळवलं. सोबत मृत्यूचा दाखला, आणि मृत्यूच्या दिवशीची बाकी लेखी मागितली. वहिनींकडे त्याच खात्याचं पुरवणी कार्ड होतं, ते त्या दिवशीच बंद केलं. माणूस गेल्यावर त्या कार्डावर केलेला खर्च हा वापरणाऱ्याच्याच अंगावर येतो. फोनवर "साठ टक्क्यांत मिटवून टाका, फक्त एका पत्रावर सही करा" असा आग्रह होता. पत्र मागवून बघितलं तर त्यात वहिनी स्वतः ही रक्कम देणं लागतात असं लिहिलेलं. ते साभार परत केलं. आम्ही लिहून दिलं की देणं मयताच्या मालमत्तेतून दिलं जाईल, कोणीही वैयक्तिक जबाबदारी घेत नाही, आणि मृत्यूनंतरचं व्याज व विलंबशुल्क माफ करावं. फोनच्या वेळांबद्दलही लिहिलं, कारण सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करू, हेही नमूद केलं. उत्तर आलं, मृत्यूनंतरचं व्याज त्यांनी काढून टाकलं. म्युच्युअल फंडाची रक्कम वहिनींच्या नावावर झाल्यावर त्यातून 1 लाख 86 हजार भरले. पावतीबरोबर काहीही बाकी नसल्याचं पत्र घेतलं, दादाच्या नावानिशी.

गृहकर्ज संपल्यावर मूळ कागद मिळायला शाखेने टाळाटाळ केली. वारसा प्रमाणपत्र आणा, आणखी एक प्रतिज्ञापत्र आणा. रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई. कर्जदार गेला असेल तर वारसांना कागद कसे द्यायचे याची ठरलेली पद्धत बँकेने आपल्या संकेतस्थळावर ठेवायची असते. आम्ही तिथली यादी छापून घेऊन गेलो. यादीत नसलेली मागणी मग गळून पडली आणि मुदतीच्या आत कागद मिळाले. आता आई आपल्या पाव हिश्श्याचं हक्कसोडपत्र वहिनींच्या नावे करणार आहे, आणि वहिनींच्या पतअहवालात हे कर्ज बंद दाखवलंय की नाही तेवढं तपासायचं राहिलंय.