बाजरीच्या पिठावरची तारीख

शिरूर तालुक्यातली आमची चार एकर. खरिपात बाजरी, आणि बाजारात नेली की भाव व्यापारी सांगेल तो. म्हणून 2022 च्या उन्हाळ्यात ठरवलं, धान्य विकायचं नाही, पीठ विकायचं, आणि तेही आपल्या नावानं.

कागदपत्रांना वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. बारा लाखांच्या आतली उलाढाल असल्यामुळे एफएसएसएआयची साधी नोंदणी पुरली. तेव्हा तिची फी वर्षाला 100 रुपये होती. चौदा आकडी नंबर आला, तो पिशवीवर छापला. ब्रँडच्या नावात मात्र अडकले. मला ‘शुद्ध बाजरी’सारखं काहीतरी हवं होतं. ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, “ताई, हे मालाचं वर्णन झालं. त्यावर हरकत येईल.” मग शेताला आम्ही घरात जे नाव घेतो, तेच घेतलं. ट्रेडमार्कच्या यादीत पिठाचा वर्ग 30. लोणचं काढायचं झालं तर त्याचा वर्ग वेगळा, हे तेव्हाच कळलं.

पहिला घाणा चाळीस किलोचा. अर्ध्या-एक किलोच्या पिशव्या भरून कोथरूडच्या दोन दुकानांत ठेवल्या. पिशवीवर तीन महिन्यांची मुदत छापली होती. का तीन महिने? शेजारच्या गव्हाच्या पिठावर तेवढी होती म्हणून!

तिसऱ्या आठवड्यात दुकानदाराचा फोन आला, गिऱ्हाईक पिशवी परत घेऊन आलं होतं. पीठ कडू, वास खवट. मला वाटलं ओल राहिली असेल. उरलेली बाजरी दोन दिवस कडक उन्हात वाळवून पुन्हा दळली. पंधरा-सोळा दिवसांत तीच गत. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “बाजरीचं पीठ कुणी साठवतं का गं? आठवड्याचं आठवड्याला दळायचं असतं.” हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण पिशवी छापताना आठवलं नाही.

कारण नंतर कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडमनी समजावून सांगितलं. बाजरीत साधारण पाच टक्के स्निग्धांश असतो, गव्हापेक्षा बराच जास्त, आणि तो मुख्यतः कोंबात असतो. दाणा अख्खा असतो तोवर सगळं जागच्या जागी राहतं, म्हणून बाजरी कणगीत महिनोन्‌महिने टिकते. दळली की दाण्यातलं लायपेज नावाचं विकर त्या तेलापर्यंत पोचतं आणि ते फोडायला लागतं. तो कडवटपणा त्यातूनच येतो. पिशवी कितीही जाड घेतली तरी हे आत चालूच राहतं. इलाज दळण्याआधी करायचा: उष्णता देऊन विकर निकामी करायचं.

आता मी असं करते. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळायचं. एक भाग बाजरी तर पाच भाग पाणी. बाजरी मलमलीच्या पोटलीत सैल बांधून अर्धा मिनिट बुडवायची आणि लगेच काढायची. एकदा घाईत पोटली मोठी केली, पाणी एकदम थंड झालं, आणि त्या घाण्याचं पीठ आधीसारखंच कडवटलं. काढलेली बाजरी निथळून कापडावर पातळ पसरायची. दाताखाली ‘कट्’ वाजली की दळायला न्यायची. पावसाळ्यात हे उन्हावर होत नाही. आंबूस वास आलेले दहा किलो गाईला घातल्यावर ड्रायर भाड्यानं घ्यायला लागले. गिरणीतून पीठ गरम निघतं, ते परातीत गार होऊ द्यायचं. गरम भरलं की पिशवीच्या आत दव धरतं.

मुदत ठरवायला प्रत्येक घाण्याच्या सहा पिशव्या बाजूला ठेवल्या. दर पाच दिवसांनी एक उघडायची, वास घ्यायचा, चिमूट जिभेवर ठेवायची, भाकरी करायची. शिळ्या पिठाची भाकरी थापताना कडेनं चिरते. आमचं पीठ पंचवीस दिवस चांगलं राहिलं, तिसाव्याला सासूबाईंनी नाक मुरडलं. पिशवीवर मी वीस दिवस छापते. (उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाजरीची भाकरी किंचित कमी चिकट होते, त्याला पीठ जरा जास्त मळायचं.)

वीस दिवसांचा माल दुकानदार ठेवत नाहीत. “निदान दोन महिने तरी लिहा,” असं एकानं सुचवलंही. मी दुकानं सोडली. आता कोथरूड-कर्वेनगरच्या सात सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुरुवारपर्यंत मागणी घेते, शुक्रवारी दळते, शनिवारी पोचवते. आठवड्याला साठ किलो जातं. मागच्या शनिवारी एका आजींनी पिशवी उलटून आधी दळल्याची तारीख बघितली, मग पैसे काढले.