सापडला! काकूंच्या टीव्हीचा जुळा भाऊ सापडला, होम बटण चाललं

मंडळी, आज रात्री साडेनऊला आपल्या नागपुरातल्या महाल भागातल्या काकूंच्या ३२ इंचीचं होम बटण चाललं. तीन आठवडे त्या सेटच्या मागे होतो. मागच्या वेळी सांगितलंच होतं, पाठीमागचं स्टिकर पुसून पुसून पांढरं झालेलं, मॉडेल नंबरचा एक आकडा दिसत नाही, रिमोट घर बदलताना हरवला आणि समोरचा लोगो अशा ब्रँडचा आहे की त्याचं सर्व्हिस सेंटर आता नागपुरात कोणाला माहीत नाही. काकूंना रिमोट पाहिजे आणि टीव्ही टेबलावरून भिंतीवर पाहिजे, कूलरच्या बाजूची जागा मोकळी करायची आहे म्हणून.

ब्रॅकेटचं आधी सांगून टाकतो, ते सोपं आहे. ब्रॅकेटसाठी मॉडेल शोधतच बसू नका. पाठीवरची चार भोकं मोजली की झालं, भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत, आडवं आणि उभं. इथे २०० बाय १०० मिलीमीटर निघालं. स्क्रू एम४ आहे, तो बोटानेच फिरवून पाहायचा, दोनतीन आटे सहज गेले तर बरोबर, अडला तर जोर लावायचा नाही. पण लांबी चुकवू नका. प्लग काढून झाडूची एक काडी भोकात टेकेपर्यंत घातली, कडेला नखाने खूण केली आणि पट्टीवर ठेवली, १४ मिलीमीटर आलं. ब्रॅकेटची पट्टी २ मिलीमीटरची, म्हणून १२ चा स्क्रू घेतला, म्हणजे आत १० जातो आणि तळाला टेकत नाही. ब्रॅकेटसोबत जी स्क्रूची पुडी येते त्यात ३० मिलीमीटरचे पण असतात, ते इथे लावले असते तर थेट आतल्या बोर्डात किंवा पॅनलमध्ये गेले असते. आणि वरची दोन भोकं खालच्यांपेक्षा खोल खळग्यात असतील तर त्यांना प्लास्टिकचे स्पेसर लागतात, नाहीतर टीव्ही वरून भिंतीकडे ओढला जातो. इथे चारही एका पातळीत होती, नशीब.

आता रिमोट. इथेच सगळे दिवस गेले.

बर्डीच्या बाजारातून आधी लोगो पाहून रिमोट घेतला, दुकानदार म्हणाला भाऊ या नावाचा हाच येते. घरी येऊन दाबलं तर पॉवर चालला, आवाज चालला, आकडे चालले, काकू खुश झाल्या आणि मीही. मग सोर्स दाबलं तर यादीत तीन एचडीएमआयच्या खाली शेवटी ‘होम’ लिहिलेलं. म्हणजे हा टीव्ही स्मार्ट आहे! तो सुरू होताच सरळ सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआयवर जायचा म्हणून इतकी वर्षं कोणाला कळलंच नाही. मी पण मागचे पोर्ट पाहून साधा टीव्ही समजून बसलो होतो, कारण लॅनचा पोर्ट नव्हता. लॅन दिसला तर टीव्ही बहुतेक स्मार्टच, पण लॅन नाही म्हणून साधा असं म्हणता येत नाही, स्वस्तातल्या काही सेटमध्ये फक्त वायफाय देतात.

तर होममध्ये गेलो आणि अडकलो. या रिमोटवर होम नाही, बॅक नाही, आणि बाण दाबले तर हलेना. यूएसबीला माऊस लावला, स्मार्ट सेटवर तो बहुतेक वेळा चालते, आणि खरंच बाण फिरला. सेटिंगमध्ये शेवटी ‘अबाउट’ असते, तिथे बऱ्याच सेटवर मॉडेलचं नाव छापलेलं मिळते. मी श्वास रोखून उघडलं, आणि तिथे काय तर नुसतं ‘Smart TV’. त्या रात्री लई निराश झालो.

दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन परत बसलो आणि या वेळी पोर्ट मोजण्यापेक्षा कोणता पोर्ट कुठे आणि कोणत्या क्रमाने आहे ते कागदावर काढलं. उभ्या पट्टीत वरून हेडफोन, यूएसबी, यूएसबी, मग एचडीएमआय तीन, त्यातल्या दुसऱ्यावर एआरसी लिहिलेलं. खालच्या आडव्या पट्टीत अँटेना, मग एक लहान गोल एव्ही जॅक, म्हणजे पिवळा-लाल-पांढरा एकाच पिनवर घेणारा, मग कोॲक्सियल ऑडिओ. आणि अँटेना आणि एव्हीच्या मधात एक चौकोनी जागा जिथे काळं प्लास्टिकचं ढाकण होतं. नखाने चाचपलं तेव्हा कळलं की ते कॅबिनेटचा भाग नाही, वेगळं बसवलेलं आहे. माप बरोबर लॅनच्या सॉकेटचं! म्हणजे हाच साचा दुसऱ्या एका मॉडेलला वापरला आहे ज्याला लॅन आहे. मग डोक्यात आलं की मी चुकीची गोष्ट शोधून राहिलो, या ब्रँडचं मॉडेल शोधायचंच नाही, या कॅबिनेटचा जुळा भाऊ शोधायचा, नाव कोणतं का असेना.

आपल्याकडे एकच कारखाना पाच नावांनी टीव्ही बनवते हे तुम्हाला माहीतच आहे. सुपर प्लास्ट्रॉनिक्स कोडॅक पण बनवते, थॉमसन पण, ब्लॉपुंक्ट पण. डिक्सनसारखे कारखाने कितीतरी ब्रँडसाठी जोडून देतात. कॅबिनेट तेच, बोर्ड तोच, समोरचा लोगो बदलला.

मग विकायला ठेवलेल्या जुन्या सेटचे मागचे फोटो पाहत बसलो. पोर्टचा क्रम जुळणारे चार सापडले, आणि इथे स्टँड कामी आला. पायांचा आकार चौघांचाही जवळपास सारखा, उलट्या व्हीसारखे दोन, म्हणून नुसत्या आकारावर भरवसा नाही, दोन पायांमधलं अंतर पाहायचं. फोटोतून सेंटिमीटर कसे काढायचे? ३२ इंची स्क्रीनचा दिसणारा भाग साधारण ७० सेंटिमीटर रुंद असते, तीच आपली पट्टी. समोरून सरळ काढलेला फोटो घ्यायचा, कडेची काळी बॉर्डर सोडून स्क्रीन मोजायची. एका फोटोत स्क्रीन ६०० पिक्सेल आणि पायांच्या बाहेरच्या टोकांमधलं अंतर ५०० पिक्सेल, म्हणजे ७० गुणिले ५०० भागिले ६००, ५८.३ आलं. काकूंच्या घरी टेपने ५८.५ होतं. बाकी तिघं ५२ च्या आसपास, सरळ बाद. तिरप्या फोटोवर हा हिशोब करू नका, मी आधी एकदा केला आणि ४ सेंटिमीटरचा फरक पडला.

जुळा भाऊ मिळाला, नाव मिळालं, पण आनंद अर्धाच, कारण त्याच्या नावाने दुकानात तीन वेगवेगळे रिमोट आहेत. बोर्ड तोच असला तरी रिमोट कोणता ऐकायचा ते त्यातलं सॉफ्टवेअर ठरवते. तिन्ही विकत घ्यायचे काहून?

म्हणून रिमोटचा सिग्नल पकडणारा सेन्सर, टीएसओपी १७३८, काढला. बर्डीवाल्या रिमोटचं पॉवर आर्डुइनोने वाचलं तर एनईसी प्रोटोकॉल, ॲड्रेस 0x40, कमांड 0x12. आता विचार करा, पॉवर चालतो म्हणजे ॲड्रेस बरोबर आहे, फक्त होमची कमांड माहीत नाही, आणि एनईसीत कमांड आठ बिटांची, म्हणजे सगळ्या मिळून २५६ च. आर्डुइनोला आयआर एलईडी लावून एक एक करून सगळ्या पाठवून पाहिल्या तर?

```
for (int c = 0; c < 256; c++) {
  if (c == 0x12) continue;
  IrSender.sendNEC(0x40, c, 0);
  Serial.println(c, HEX);
  delay(700);
}
```

पॉवरची कमांड वगळली आहे ते पाहा, नाहीतर मधातच टीव्ही बंद होते. सव्वातीन मिनिटांत सगळं होते. पण हे करताना टीव्हीसमोरून उठू नका, यात कुठेतरी फॅक्टरी मेनू उघडू शकते आणि पुढच्या कमांड त्यातच जाऊन सेटिंग बदलू शकतात. काही वेगळं दिसलं की आर्डुइनोची वायर काढायची. मला फॅक्टरी मेनू दिसला, वायर काढली, टीव्ही बंद करून चालू केला आणि त्याच्या पुढच्या आकड्यापासून परत सुरू केलं. काकू बाजूला वही घेऊन बसल्या होत्या, स्क्रीनवर काही हललं की त्या “थांब रे!” म्हणायच्या आणि मी आकडा सांगायचो, त्या लिहायच्या. त्यांच्या अक्षरात होम, बॅक, चार बाण आणि ओके असे सात आकडे माझ्याकडे आहेत, ते पान मी जपून ठेवलं आहे.

आज संध्याकाळी ती वही आणि आर्डुइनो घेऊन इतवारीतल्या एका छोट्या रिमोटवाल्याकडे गेलो. माणूस मोठ्या मनाचा, म्हणाला वाचून पाहा सगळे, घ्यायचा तो घ्या. पहिल्याचा ॲड्रेसच वेगळा. दुसऱ्याचा ॲड्रेस बरोबर, पण होमचा आकडा वेगळा. तिसऱ्याचे सातही जुळले! १८० रुपये दिले आणि सरळ महालात. रिमोट घ्यायचा तर असा, जिथे पाकीट फोडून पाहू देतात तिथेच, बंद पाकिटात ‘सगळ्यांना चालतो’ लिहिलेला मी आता घेत नाही, त्यात पॉवर आणि आवाजाच्या पुढे काय चालेल ते घरी जाऊनच कळते.

भिंतीचं काम रविवारी करणार होतो, पण लिहिता लिहिता एक लक्षात आलं. उभी पट्टी बाजूला तोंड करून आहे, तिथे अडचण नाही, पण अँटेना आणि कोॲक्सियलचे जॅक सरळ मागे निघतात आणि घेतलेला ब्रॅकेट भिंतीपासून फक्त अडीच सेंटिमीटर. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयवर आहे म्हणून अँटेनाची गरज नाही, पण काकूंचा जुना होम थिएटर कोॲक्सियलवर लागतो आणि त्याची पिनच साडेतीन सेंटिमीटर बाहेर येते. म्हणजे एकतर काटकोनी पिन पाहिजे नाहीतर पुढे वाकणारा ब्रॅकेट. भिंत जुनी विटांची आहे, प्लास्टर बोटाने खरवडलं तर भुगा निघते, म्हणून पुढे वाकणारा नको, वजन बाहेर जाते आणि बोल्ट उपटतात. काटकोनी पिनच शोधतो. कोणाला बर्डीवर किंवा सदरला चांगली मिळाली असेल तर सांगा.

आणि तो टीएसओपी आता ब्रेडबोर्डवर ठेवत नाही, साबणाच्या डबीत बसवतो, बॅटरी आणि लहान डिस्प्लेसकट, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात लॅपटॉप उघडायची गरज नाही. पुढचा सेट तयारच आहे, मानेवाड्याच्या एका मित्राचा ४० इंची, मधोमध गोल स्टँडवाला, लॅन आहे, स्टिकर अर्धं फाटलेलं.