दिवाळीच्या फराळाची नोंदणी आणि सुट्टी

आज दिवसभर फोनवर एकच विचारणा होत होती की, अनारशांची नोंदणी इतक्या लवकर का थांबवता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

अनारशांची नोंदणी बुधवारी, 8 ऑक्टोबरला संध्याकाळी बंद होईल. त्याच रात्री तांदूळ भिजत पडतात, रोज पाणी बदलत तीन दिवस भिजतात आणि मग उपसून, सावलीत कापडावर पसरून, किंचित ओलसर असतानाच दळले जातात. 12 तारखेला त्यात गूळ कालवून गोळे डब्यात भरले की पीठ मुरायला पाच दिवस द्यावे लागतात. ही मुदत कमी केली तर अनारशाला जाळी पडत नाही, आणि गूळ जास्त झाला तर तो तुपात हसतो, म्हणजे तळतानाच विरतो. त्यामुळे 17 तारखेला, वसुबारसेला, तळणी आणि 18 तारखेला, धनत्रयोदशीला, घरपोच, असा हिशेब आहे. वाढीव पैसे देऊनही (तशीही विचारणा झाली) तो बदलता येणार नाही.

चकली, करंजी, शंकरपाळे आणि बेसनलाडू यांसाठी मात्र 13 ऑक्टोबरपर्यंत सांगितले तरी चालेल, कारण भाजणी आधीच दळून ठेवलेली असते.

तळणाऱ्या ताईंनाही आपापल्या घरी दिवाळी करता यावी, यासाठी 19 ते 26 ऑक्टोबर काम पूर्ण बंद राहील आणि सोमवारी, 27 तारखेला, पुन्हा सुरू होईल. मागणी कळवताना पदार्थ, वजन आणि पूर्ण पत्ता एकाच संदेशात लिहावा, ही विनंती.