हिरव्या अक्षरांतले बेचाळीस टक्के

बुधवारी सकाळी व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. खाली एकच ओळ होती : "दादा, बी जिंकलं बघा. बटण कायमचं बदलूया का? पाऊचची ऑर्डर पण वाढवून देते." पाठवणाऱ्या ताई तासगावचे बेदाणे आणि सांगलीची हळद ऑनलाइन विकतात. त्यांच्या पेजवर ए-बी टेस्ट सुरू होती, म्हणजे निम्म्या लोकांना पेजचं एक रूप दिसत होतं आणि निम्म्यांना दुसरं. ए मध्ये नेहमीचं 'आता मागवा' बटण होतं आणि बी मध्ये त्याच बटणाखाली 'पैसे घरपोच मिळाल्यावर द्या' ही ओळ होती. बाकी सगळं पेज तेच.

स्क्रीनशॉटमध्ये ए चे २,१४० व्हिजिटर आणि ४३ ऑर्डर म्हणजे २.०१ टक्के, तर बी चे २,०९६ व्हिजिटर आणि ६० ऑर्डर म्हणजे २.८६ टक्के. शेजारी टेस्टच्या टूलने हिरव्या अक्षरांत दाखवलेले '+४२%' आणि त्याखाली बी सरस असल्याची खात्री म्हणून '९६%'. डोळा थेट त्या हिरव्यावर जातो, आणि माझी या टूल्सबद्दलची तक्रार नेमकी हीच आहे. ४२ टक्के हा ए च्या दराच्या तुलनेत मोजलेला फरक आहे. प्रत्यक्षात शंभर व्हिजिटरांमागे दोनाच्या जागी पावणेतीनच्या आसपास ऑर्डर आल्या, एवढंच घडलंय. ठरवायला हवेत ते आकडे ४३ आणि ६०, आणि ते सगळ्यात बारीक अक्षरांत होते.

असा स्क्रीनशॉट आला की मी आधी पाठकोऱ्या कागदावर एक हिशेब करतो. दोन्ही बाजूंच्या ऑर्डरची बेरीज १०३. बेदाण्याचे १०३ दाणे डोळे मिटून दोन वाट्यांत टाकले, तर दर वेळी ५१-५२ अशी वाटणी होणार नाही. दोन वाट्यांतल्या फरकाचा नेहमीचा हेलकावा बेरजेच्या वर्गमुळाएवढा असतो, म्हणजे इथे साधारण १०. त्याच्या दुप्पट, म्हणजे २० च्या पुढे फरक गेला तरच मी कान टवकारतो. इथे फरक १७. दोन्हीकडचे व्हिजिटर जवळपास सारखे असतील आणि कन्व्हर्जन, म्हणजे शंभर व्हिजिटरांमागच्या ऑर्डर, चार-पाच टक्क्यांच्या आत असेल, तर हा तोंडी हिशेब चांगला चालतो. दहा-वीस टक्क्यांवर गेलं की चालत नाही.

बी कडे व्हिजिटर थोडे कमी होते, म्हणून नीट हिशेबही केला :

```
p  = (43 + 60) / (2140 + 2096)           # 0.0243
se = sqrt(p*(1-p) * (1/2140 + 1/2096))   # 0.00473
z  = (60/2096 - 43/2140) / se            # 1.80
```

z १.८० आला, म्हणजे फरक नेहमीच्या हेलकाव्याच्या १.८० पट. १.९६ ही नेहमीची रेघ, जी नुसता योगायोग शंभरातून पाचच वेळा ओलांडतो; हा आकडा तिच्या आतच. म्हणजे दोन बटणांत काडीचा फरक नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक, ए कडे किंवा बी कडे, शंभरातून सात वेळा योगायोगानेच दिसला असता. मग टूलचे ९६ आले कुठून? ते फक्त बी च्या बाजूचा योगायोग मोजतंय. तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो, शंभरातून वजा केला की झाले ९६. हे चूक नाही, पण कुठली बाजू मोजली हे स्क्रीनवर लिहिलेलं नसतं. बी वाईटही ठरू शकलं असतं आणि तसं दिसलं असतं तर ताईंनी ते काढून टाकलं असतं, म्हणून दोन्ही बाजू मोजायलाच हव्यात.

मला जास्त खटकली ती गोष्ट स्क्रीनशॉटमध्ये नव्हतीच. वरची तारखेची पट्टी कापलेली होती. मी विचारलं, "ताई, सुरू कधी केलं आणि आज का थांबवताय?" उत्तर आलं की टेस्ट गेल्या गुरुवारी लागली, मंगळवारी रात्रीपर्यंतचे आकडे आहेत, आणि जाहिराती बघणारा मुलगा रोज रात्री टूल उघडून बघतो. पंचाण्णवच्या वर गेलं तसं त्यानं कळवलं.

इथे ९६ चा उरलासुरला अर्थही जातो. पाच टक्क्यांची ती रेघ एकदाच, आधी ठरवलेल्या दिवशी बघण्यासाठी असते. आकडा रोज वर-खाली हिंदकळतो. रोज बघून रेघ ओलांडली त्या क्षणी थांबायचं, तर आपण हेलकाव्याचं टोकच पकडतो. सारख्या अंतराने पाच वेळा बघितलं तर खोटा विजय मिळण्याची शक्यता पाचावरून चौदा टक्क्यांच्या आसपास जाते, दहा वेळा बघितलं तर एकोणीसच्या. शिवाय टोकावर पकडलेला फरक खऱ्यापेक्षा फुगलेला असतो. त्यामुळे बी खरंच चांगलं असलं, तरी बेचाळीस टक्क्यांवर पाऊच मागवणं धोक्याचंच होतं. त्या मुलाचा दोष मी धरत नाही. टूलच रोज निकाल दाखवतं आणि तो हिरवा करून दाखवतं.

मग किती दिवस लागतील? एका बाजूला लागणारे व्हिजिटर काढायला मी हे वापरतो : १६ गुणिले p(1-p), भागिले पकडायच्या फरकाचा वर्ग; इथे p म्हणजे दोन्ही दरांची सरासरी. दोन टक्क्यांचे २.८ झालेत का हे बघायला प्रत्येक बाजूला ५,९०० च्या आसपास व्हिजिटर लागतात. ताईंच्या पेजवर दिवसाला दोन्ही मिळून सातशे येतात, म्हणजे सतरा दिवस. आठवडे पूर्ण धरायचे म्हणून एकवीस. पहिल्या सहा दिवसांत बुधवार एकदाही आला नव्हता आणि शनिवार-रविवारचं वजन जास्त पडलं होतं. हेच २.० चे २.४ झालेत का एवढं बारीक पकडायचं, तर प्रत्येक बाजूला साडेएकवीस हजार, म्हणजे दोन महिने. फरक निम्मा केला की माणसं जवळपास चौपट लागतात, आणि छोट्या दुकानाला हेच परवडत नाही.

ताईंना सांगितलं, टेस्ट चालू ठेवा आणि एकविसाव्या दिवसापर्यंत कुणी टूल उघडू नका. त्या म्हणाल्या, "तोवर बी च्या ऑर्डर सोडायच्या?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, निम्म्या लोकांना बी दिसतंयच की, फक्त पाऊच थांबवा.

एकवीस दिवसांनी ए चे ७,४०२ व्हिजिटर आणि १५२ ऑर्डर, बी चे ७,३६८ आणि १६९. २.०५ टक्के आणि २.२९ टक्के. तोंडी हिशेब : बेरीज ३२१, वर्गमूळ १८, फरक १७. z बरोबर १ च्या आसपास. गंमत बघा, ऑर्डरचा फरक सहाव्या दिवशीही १७ होता आणि एकविसाव्या दिवशीही १७ च. मधल्या पंधरा दिवसांत दोन्ही बटणं बरोबरीने चालली.

बी निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हटलं नाही, आणि इथेच माझं डोकं अजून अडकतं. खरा फरक उणे ०.२३ पासून अधिक ०.७१ टक्के-बिंदूंपर्यंत कुठेही असू शकतो. वरचं टोक खरं निघालं तर ताईंच्या धंद्यात ते चांगलंच जाणवेल. ती ओळ ठेवायला खर्च नाही, म्हणून ताईंनी ती ठेवली. पाऊच नेहमीएवढेच मागवले. पण 'ऑर्डर' मोजून हा प्रश्न सुटतो का, हीच मला शंका आहे. घरपोच पैसे देणारा माणूस दारात पार्सल नाकारू शकतो, आणि परत आलेल्या पार्सलचा दोन्ही वेळचा कुरिअर खर्च ताईंच्या अंगावर पडतो. स्क्रीनवरच्या १६९ मध्ये ती पार्सलंही मोजलेली आहेत. आता कुरिअरच्या यादीतून ए आणि बी ची परत आलेली पार्सलं वेगळी काढायला घेतली आहेत. ऑर्डर क्रमांकाशेजारी कुठलं बटण दिसलं होतं ते साठवलेलं नव्हतं, त्यामुळे वेळेवरून जुळवत बसलोय, आणि निम्म्याहून जास्त अजून जुळत नाहीत.